टॅम्पॉन, कप आणि घड्याळाचे काटे
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



आपल्या गटांमध्ये कपडा आणि पॅडबद्दल आपण पुष्कळ बोललो. आता मुली टॅम्पॉन आणि कप वापरू लागल्या आहेत. ही साधने योनिमार्गाच्या आत राहतात, म्हणून त्यांच्याबाबतीत एक वेगळा धोका समजून घ्यावा लागतो. त्याचे नाव टॉक्सिक शॉक सिंड्रोम. हा आजार क्वचितच होतो, पण झाला तर काही तासांत जिवावर बेततो.

अमेरिकेत 1980 साली काय घडले ते आधी सांगते. ‘रिलाय’ नावाचा एक टॅम्पॉन तिथे खूप खपत होता. नेहमीच्या कापसाऐवजी त्यात फोमचे तुकडे आणि रक्त शोषून फुगणारा एक पदार्थ भरलेला होता. तो इतके शोषून घेई की बायकांना वारंवार बदलायची गरज वाटत नसे. त्याच वर्षी धडधाकट तरुण बायका पाळीच्या दिवसांत अचानक ताप आणि शॉकने आजारी पडू लागल्या, काही दगावल्या. सरकारी तपासात दिसले की आजारी बायकांपैकी 71 टक्के रिलाय वापरत होत्या आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी बायकांपैकी 26 टक्के. सप्टेंबर 1980 मध्ये कंपनीने माल मागे घेतला. पण इतर कंपन्यांचे टॅम्पॉन वापरणाऱ्याही आजारी पडल्या होत्या, म्हणजे दोष एकाच ब्रँडचा नव्हता.

मग दोष कशाचा? स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू अनेकांच्या नाकात, कातडीवर आणि काही बायकांच्या योनिमार्गातही असतो. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. एरवी योनिमार्गात तो फार थोडा असतो, पण टॅम्पॉनबरोबर हवा आत जाते. पाळीच्या रक्ताने तिथली आम्लताही कमी होते. हे विष रक्तात गेले की आजार होतो. बहुतेक मोठ्या माणसांच्या शरीरात या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली असते. किशोरवयीन मुलींमध्ये ती नसण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांना धोका अधिक.

जास्त शोषणारा टॅम्पॉन जास्त धोक्याचा, हे कळले तरी बाईने ओळखायचे कसे? तेव्हा एका कंपनीचा ‘सुपर’ दुसरीच्या ‘रेग्युलर’पेक्षा कमी शोषणारा असू शकत असे. बॉस्टनच्या स्त्री-आरोग्य गटातल्या एस्थर रोम आणि त्यांच्या सहकारिणींनी सर्व कंपन्यांना एकच माप लागू व्हावे म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. 1990 पासून अमेरिकेत ते सक्तीचे झाले. तिथे आता रेग्युलर म्हणजे 6 ते 9 ग्रॅम आणि सुपर म्हणजे 9 ते 12 ग्रॅम.

याचा रोजच्या वापरात अर्थ असा. आपल्या रक्तस्रावाला पुरेल असा सर्वांत कमी शोषणारा टॅम्पॉन घ्या. चार तासांनी काढताना तो कोरडा असेल, ओढताना दुखत असेल, तर त्याहून हलका घ्या. चार ते आठ तासांत बदला. एखादी मुलगी रात्री दहाला टॅम्पॉन घालून सकाळी आठला उठली, तर दहा तास झाले. तिने रात्री पॅड किंवा कपडा वापरावा. पाळी नसताना टॅम्पॉन घालू नये. शेवटचा टॅम्पॉन काढल्याची खात्री करावी.

कप रक्त शोषत नाही, साठवतो. म्हणून त्यात धोका नाही असे सांगितले जाते, ते खरे नाही. 2019 साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या आढाव्यात कप वापरणाऱ्यांमधल्या या आजाराच्या पाच घटना नोंदल्या आहेत. फ्रान्समधल्या 2018 च्या एका प्रयोगात असे दिसले की कपाबरोबरही हवा आत जाते आणि जंतूंचा थर नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही. म्हणून हात साबणाने धुऊनच कप घाला आणि काढा. काढताना बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड आधी सोडवा. कप जास्तीत जास्त बारा तास ठेवता येतो असे कंपन्या सांगतात. आठ तासांनी रिकामा केला तर अधिक बरे. दर वेळी स्वच्छ पाण्याने व सौम्य साबणाने धुवा, वरची बारीक भोकेही मोकळी करा. पाळी संपल्यावर, आणि पुढची सुरू होताना पुन्हा, बुडेल इतक्या पाण्यात पाच मिनिटे उकळा. वाळवून सुती पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात नको. शौचालयात पाणीच नसेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली बरोबर न्या. तीही नसेल त्या दिवशी पॅड बरे.

आता लक्षणे. टॅम्पॉन किंवा कप वापरत असताना अचानक 39 अंश सेल्सियसच्या आसपास ताप, उलट्या किंवा जुलाब, अंगदुखी, उभे राहताच चक्कर, उन्हाने भाजल्यासारखी लाल कातडी. सगळी एकदम दिसतीलच असे नाही. तळहात-तळपायांची साले निघतात, पण ती एक-दोन आठवड्यांनी, त्यांची वाट पाहायची नसते. फ्लू किंवा बाधलेले अन्न समजून घरी गोळी घेण्यात मोलाचे तास जातात. आधी टॅम्पॉन किंवा कप काढा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टर विचारत नाहीत, आपण लाजतो, म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा: “माझी पाळी चालू आहे, मी टॅम्पॉन वापरत होते.” या वाक्याने निदानाची दिशा बदलते. ज्यांना हा आजार एकदा झाला, त्यांना तो पुन्हा होऊ शकतो. त्यांनी टॅम्पॉन आणि कप दोन्ही टाळावेत.