साठेखत हातात, पण जमीन कुणाची?

मागच्या भागानंतर शहापूर, मुरबाडकडून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, आपण पैसे दिलेत, ताबा घेतलाय, साठेखत आहे. म्हणजे जमीन आपलीच ना?" आज एवढ्या एकाच प्रश्नावर बोलू. आणि त्यासाठी माझ्या मावसभावाची गोष्ट सांगतो, कारण त्याच्यापायी आमच्या घरी वर्षभर दुसरा विषय नव्हता.

त्याचं स्वतःचं गाव मुरबाड तालुक्यात, घरची शेती, म्हणजे सातबाऱ्यावर शेतकरी. हे आधी सांगतो, कारण शेतजमीन घ्यायची तर आपल्याकडे घेणारा शेतकरी असावा लागतो. त्याने शहापूर तालुक्यात वीस गुंठे घ्यायचे ठरवले. भाव ठरला अठरा लाख. मार्च 2022 मध्ये स्टॅम्प पेपरवर साठेखत झालं, नोटरीचा शिक्का बसला. बारा लाख दिले. उरलेले सहा लाख सहा महिन्यांत द्यायचे आणि तेव्हा खरेदीखत करायचं, असं कागदात लिहिलं. ताबाही मिळाला. याने तारेचं कुंपण घातलं, आंब्याची कलमं लावली, बोअर मारली. गावात सगळे म्हणायला लागले, "हा नवीन मालक."

आता इथेच थांबा. तो मालक नव्हता. एक दिवससुद्धा नव्हता.

1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याचं कलम 54. त्यात साधी गोष्ट आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन किंवा घर विकायचं असेल, तर मालकी फक्त नोंदणीकृत दस्ताने जाते. हे शंभर रुपये तेव्हापासूनचेच आहेत, म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक व्यवहार यात येतो. आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की विक्रीचा करार, म्हणजे आपलं साठेखत, स्वतःहून त्या जमिनीत कुठलाही हक्क तयार करत नाही. कागदाची भाषा वाचली की फरक लगेच कळतो. साठेखतात लिहितात, "खरेदीखत करून देण्याचे मान्य केले आहे." म्हणजे पुढे देणार. खरेदीखतात लिहितात, "विकली आहे, मालकी हक्कासह ताबा दिला आहे." म्हणजे झालं. एकात वचन आहे, दुसऱ्यात खुद्द विक्री.

पैसे दिल्याने किंवा ताबा मिळाल्यानेही मालकी सरकत नाही. नोटरीच्या शिक्क्याने तर अजिबात नाही, कारण नोटरी आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, नोटरीकडे नाही. काही जण सोबत कुलमुखत्यारपत्र घेतात आणि निर्धास्त होतात. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी जोडी जमवूनही मालकी मिळत नाही.

बरं, मग भावाचं काय झालं? सहा महिने झाले, खरेदीखत राहिलंच. पावसाळा, मग बाबांना पैशांची अडचण, मग "करू की दिवाळीनंतर". 2023 मध्ये विकणारे बाबा वारले. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली. दोन मुलं आणि दोन लग्न झालेल्या मुली. एकाला जमीन द्यायची होती, बाकीच्यांचं म्हणणं, "आम्हाला यातलं काही माहीत नाही. रस्त्यामुळे भाव वाढलेत." 2025 च्या मे महिन्यात त्यांनी सरळ नाही म्हटलं.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "करारात मुदत किती होती?" सहा महिने, म्हणजे सप्टेंबर 2022. वकील म्हणाले, "करार पूर्ण करून मागायचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत लागतो. म्हणजे तुमच्याकडे सप्टेंबर 2025 पर्यंतच वेळ आहे." भाऊ गप्प बसला. त्याला वाटत होतं, ताबा आपल्याकडे आहे तर घाई कशाला. करारात तारीख नसेल, तर मात्र नकार कळल्यापासून तीन वर्षं मोजतात.

आता थोडी चांगली बातमीही आहे. बाबा गेले म्हणून करार संपत नाही, तो वारसांवरही बंधनकारक राहतो. आणि नोंदणी नसलेलं साठेखतही असा दावा लावताना पुरावा म्हणून दाखवता येतं, फक्त कागदात ताबा दिल्याचं लिहिलंय म्हणून मुद्रांक शुल्काचा प्रश्न येतो. शुल्क कमी भरलेलं असेल तर आधी ते दंडासह भरा, मग कोर्ट तो कागद बघतं. एक हत्यार मात्र गेलं होतं. ताबा घेतलेल्याला जुना मालक बाहेर काढू शकत नाही, असं संरक्षण कलम 53 अ देतं. पण 2001 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी साठेखत नोंदवलेलं लागतं. आमचं नव्हतं.

त्यात वारसांनी तिसऱ्यालाच विकली असती तर? साठेखत नोंदवलेलं असतं, तर त्या तिसऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता आलं नसतं, कारण नोंदणी हीच जाहीर सूचना मानतात. आमच्याकडे नोंदणी नव्हती. तरी कुंपण आणि कलमं होती. दुसऱ्याचा ताबा डोळ्यासमोर असताना विचारपूस न करता घेणाऱ्यालाही कोर्ट तितकं निरागस मानत नाही. एवढाच आधार. अजून सरळ सांगतो, नोंदणीचे पैसे वाचवायला साठेखत नोटरीवर करणं हा आपल्या भागातला सगळ्यात महाग शॉर्टकट आहे. भरलेलं शुल्क तसंही पुढे खरेदीखतात वजा होतं.

शेवटी वकिलांची नोटीस गेली, दोन बैठका झाल्या. बहिणी समंजस निघाल्या. सहा लाखांऐवजी नऊ लाख द्यायचं ठरलं. म्हणजे तीन लाखांचा फटका. जुलैमध्ये चौघेही शहापूरला दुय्यम निबंधक कार्यालयात आले. अंगठे, फोटो, साक्षीदार, सगळं झालं. एकाची सही राहिली असती तर तेवढा हिस्सा अडकला असता, म्हणून वकिलांनी चौघांना एकत्रच बोलावलं होतं.

त्या दिवशी मालकी भावाकडे आली. एक बारीक नियम आहे, सही एका दिवशी आणि नोंदणी चार दिवसांनी झाली, तरी नोंदणी झाल्यावर दस्ताचा परिणाम सहीच्या दिवसापासून धरतात. सही केल्यावर नोंदणीसाठी साधारण चार महिन्यांची मुदत असते.

त्याच्या नावाचा फेरफार नंतर झाला. नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. सातबारा बघून भाऊ म्हणाला, "आता खरा मालक झालो." मी म्हटलं, नाही रे, ते महिन्याभरापूर्वीच झालास. सातबारा महसुलासाठी असतो, तो मालकी देत नाही. उलट, सातबाऱ्यावर नाव आहे पण खरेदीखत नाही, असं असेल तर सावध व्हा.

अजून एक अट आपल्या तालुक्यांसाठी महत्त्वाची. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि त्यासाठी शासनाची पूर्वमान्यता. परवानगी नसेल तर "आत्ता साठेखत, पुढे बघू" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खरेदीखत कधी होईल याची काही खात्रीच नाही.

ज्यांच्या घरात जुना कागद पडलाय, त्यांनी सूची क्रमांक 2 काढा. त्यात पहिलाच रकाना असतो, विलेखाचा प्रकार. तिथे साठेखत लिहिलंय की खरेदीखत, ते बघा. आणि साठेखत असेल तर लगेच त्यातली मुदतीची तारीख शोधा.