जन्मदाखल्याचा नवा नियम : कोणाला लागू, कोणाला नाही

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली आहे. त्या दिवशी अथवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीची जन्मतारीख व जन्मस्थळ शाळाप्रवेश, मतदारयादी, शासकीय नेमणूक आदी कामांसाठी जन्मदाखल्यानेच सिद्ध करावयाचे आहे.

यावरून, जुने शाळा सोडल्याचे दाखले रद्द झाले, अशी वदंता उठली. कायद्यात तसे कोठेही म्हटलेले नाही. समजा, एकाच आळीत ३० सप्टेंबर २०२३ रोजी मुलगी व २ ऑक्टोबरला मुलगा जन्मला. मुलीच्या बाबतीत पूर्वीपासून ग्राह्य असलेले अन्य पुरावे चालू राहतात. मुलाला मात्र जन्मदाखलाच हवा.

हा मुलगा घरी जन्मला असेल, तर कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत वर्दी दिल्यास नोंद विनाशुल्क होते. तीस दिवसांपर्यंत विलंबशुल्क पडते. त्यानंतर जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यास जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश आवश्यक ठरतो. पूर्वी हा अधिकार प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडे होता. कित्येकांना हा बदल अद्याप ठाऊक नाही.

आदेशावाचून जुनी नोंद करून देतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. दाखल्यावर जन्माची व नोंदणीची अशा दोन तारखा असतात. त्यांत वर्षाहून अधिक अंतर दिसल्यास मुख्याध्यापकांनी आदेशाची प्रत मागावी आणि नोंदणी क्रमांक संबंधित निबंधकाच्या नोंदवहीशी ताडून घ्यावा.