मशीन दुरुस्त करायची की बदलायची? नांदेडची एक, लातूरची एक

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरातलं वॉशिंग मशीन जुनं झालंय, त्याच्यावर पैसे घालावेत का? गेल्या वर्षभरात आमच्या घरात हे दोनदा झालं. एकदा नांदेडला आमच्याकडे, एकदा लातूरला ताईकडे. आम्ही आमचं ठेवलं आणि ताईचं बदलायला लावलं. आज तेच सांगतो.

आधी आमचं. टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, नऊ वर्षं वापरलेलं. एक दिवस मशीन पाणी भरता भरता थांबलं आणि पाणी येत नाही असा एरर दाखवायला लागलं. सर्व्हिस सेंटरचा माणूस आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय, सात हजार दोनशे लागतील. त्यापेक्षा नवीनच घ्या." आई तर लगेच तयार झाली.

मी गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी आधी प्लग काढला, मग नळ बंद करून मशीनच्या मागचा पाण्याचा पाईप सोडवला, त्याचं तोंड बादलीत धरलं आणि नळ सोडला. धार जोरात आली. म्हणजे नळ आणि पाईप ठीक, अडचण त्याच्या पुढे. पाईप जिथे मशीनला लागतो तिथे आत एक बारीक जाळी असते. ती पकडीनं ओढून काढली तर पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेली. "हे तुमच्या बोअरचं पाणी, दादा," म्हणाले. जाळी साफ केली, पण आतला व्हॉल्व्हही क्षार बसून अडकत होता, म्हणून तो बदलला. मजुरीसकट साडेसहाशे रुपये. बोर्डाला काहीच झालं नव्हतं. तो बिचारा ठरलेल्या वेळेत पाणी भरलं नाही एवढंच सांगत होता.

आपल्याकडे काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, हे बादलीवरचे पांढरे डाग बघितले तरी कळतं. त्यात लातूर म्हणजे 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं गाव. नळाला पाणी नसलं की बोअर किंवा टँकर, आणि तेच मशीनमध्ये. त्यामुळे मराठवाड्यात पाणी हळू भरतंय असं वाटलं तर आधी जाळी बघा, मग बोर्डाचं बोला.

आता ताईचं. तिचं फ्रंट लोड, सात वर्षांचं. कपडे पिळायला लागलं की विमान उडतंय असा आवाज. मी व्हिडिओ कॉलवर तिला म्हणालो, मशीन बंद कर, दार उघड आणि रिकामा ड्रम आतून वरच्या बाजूला हातानं उचलून बघ. चांगल्या मशीनमध्ये ड्रम आणि त्याच्या बाहेरची टाकी दोन्ही एकत्र हलतात. तिच्याकडे ड्रम एकटाच खडखड हलत होता. हातानं फिरवला तर वाळूत चाक फिरल्यासारखी घरघर. म्हणजे बेअरिंग गेलं.

बेअरिंग म्हटलं की छोटी गोष्ट वाटते, आणि तो पार्ट खरंच स्वस्त असतो. पण फ्रंट लोडमध्ये तो टाकीच्या मागे बसवलेला असतो, आणि बऱ्याच मॉडेलची प्लास्टिकची टाकी कारखान्यातच कायमची जोडून टाकलेली असते. मग कंपनी पूर्ण टाकीच बदलते. काही मिस्त्री टाकी कापून बेअरिंग घालतात आणि सिलिकॉन लावून स्क्रूनं परत जोडतात. चांगल्या हातानं केलं तर चालतं, नाहीतर सहा महिन्यांत पाणी गळायला लागतं. शिवाय बेअरिंग जातं ते बहुतेक वेळा त्याच्या पुढचं रबरी सील झिजून पाणी आत गेल्यामुळे. त्याच ओलाव्यात ड्रमच्या मागचा ॲल्युमिनियमचा तीन हातांचा आधारही खात जातो. तो तुटला की ड्रमच डळमळतो.

ताईला टाकीचं कोटेशन मिळालं साडेनऊ हजारांचं. तसंच नवीन मशीन दुकानात अठ्ठावीस हजार. दाजी म्हणाले, "साडेनऊ म्हणजे तिसरा हिस्सा, दुरुस्तच करू." मी म्हणालो, दाजी, वर्षावर भागून बघा. नवीन मशीन आठ वर्षं चाललं तर वर्षाला साडेतीन हजार. दुरुस्त केलेलं तीन वर्षं चाललं तर वर्षाला साधारण एकतीसशे, पण दोनच वर्षं चाललं तर पावणेपाच हजार. आणि बोर्ड, पंप, दाराचं रबर सगळं सात वर्षांचंच राहणार. एवढ्या थोड्या फायद्यासाठी तो जुगार मला पटला नाही. आमच्या मशीनला हाच हिशेब लावा: साडेसहाशे रुपयांत एक वर्ष जरी निघालं तरी फायदाच. म्हणून मशीनच्या वयापेक्षा कोणता पार्ट गेलाय हे मी आधी बघतो. व्हॉल्व्ह, ड्रेन पंप, बेल्ट असेल तर डोळे झाकून दुरुस्ती. टाकी किंवा बोर्ड असेल तर भागाकार.

नवीन मशीन घ्यायला आम्ही लातूरच्या दुकानात गेलो आणि बिल करताना काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, 3,999 मध्ये तीन वर्षं एक्स्टेंडेड वॉरंटी, टाकून देऊ का?" कंपनीची दोन वर्षं होतीच. डब्यावर मोठ्या अक्षरात दहा वर्षं लिहिलेलं होतं, ते फक्त मोटरवर. त्यातही मोटर फुकट मिळते, बसवायला येणाऱ्याची मजुरी बऱ्याचदा आपल्याच खिशातून जाते.

मी अटींचा कागद मागितला. तो नव्हता, व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. वॉरंटी मशीनच्या कंपनीची नव्हती, तिसऱ्याच कोणाची तरी होती. वगळलेल्या गोष्टींत रबर, पाईप, गंज, पाण्याच्या क्षारांमुळे झालेला बिघाड, व्होल्टेज वरखाली झाल्यानं जळालेले भाग आणि उंदरांनी कुरतडलेली वायर. आता सांगा, आपल्या भागात मशीन आणखी कशानं बिघडतं? वर, दर वर्षी मशीनची किंमत कमी धरून तेवढीच भरपाई मिळणार, असंही एक कलम होतं.

हिशेब असा आहे. सर्वांत महागडा साधा बिघाड म्हणजे बोर्ड, सात हजार धरा. चार हजार देणं परवडायचं तर त्या तीन वर्षांत बोर्ड जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त हवी. आणि गेलाच, तर तो व्होल्टेजमुळे गेला असं म्हणून हात वर करायची सोय त्यांनी ठेवलेली आहेच. ताईनं नाही म्हणून सांगितलं.

मी सरसकट घेऊ नका म्हणत नाही. वॉरंटी मशीनच्या कंपनीचीच असेल, बोर्ड आणि मजुरी दोन्ही लेखी असतील, तुमच्याच गावात त्यांचा माणूस असेल आणि किंमत बोर्डाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल, तर घ्या. वॉशर-ड्रायर असेल तर मी जास्त विचार करीन, कारण त्यात बिघडायला भागच जास्त. पण काउंटरवर घाई करू नका. अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत ही वाढीव वॉरंटी देतात, तेवढं कस्टमर केअरला फोन करून विचारा. आणि दुकानदार वॉरंटी घेतल्याशिवाय मशीनच देत नाही म्हणाला तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा.

त्या चार हजारांतून ताईनं स्टॅबिलायझर घेतला, पाईपला बाहेरून लावायचा जाळीचा फिल्टर घेतला आणि मशीनखाली उंदीर शिरू नये म्हणून पत्रा मारून घेतला, पण हवेच्या फटी मोकळ्या ठेवून. महिन्यातून एकदा ती रिकामं मशीन गरम पाण्यावर लिंबूसत्व घालून चालवते, साधारण शंभर ग्रॅम. त्यात ब्लीच अजिबात मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये दीड हजाराला गेलं. दाजींचं म्हणणं, भंगारवाल्यानं जास्त दिले असते. त्यावरून त्या दोघांचं अजून चालू आहे.