गोडसे भटजींची साक्ष

वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात अडकले होते. ‘माझा प्रवास’ मात्र त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला. बंड फसलेलं, राज्य इंग्रजांचं. तेव्हा आपण दक्षिणेसाठी गेलेले साधे भिक्षुक, हे ठसवणं त्यांना सोयीचंच होतं.

म्हणून त्यांना दिसलेलं आणि कानावर आलेलं वेगळं काढावं. झाशीतली लूट, लपाछपी त्यांनी स्वतः भोगली. तिथे ते भक्कम साक्षीदार. इंग्रजांनी राजेरजवाड्यांपुढे चौऱ्याऐंशी कलमं ठेवली, ही मात्र ऐकीव गोष्ट. घटना म्हणून ती टिकत नाही. पण लोकांना कसली धास्ती होती, ते त्यातून नेमकं कळतं.

आणि प्रत बघून घ्या! 1907 ची आवृत्ती चिंतामणराव वैद्यांनी फेरफार करून छापली. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आणला.