केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घ्यावी का?



केस गळू लागले की माणूस घाबरतो. दुकानदार म्हणतो, "ही बायोटिनची गोळी घ्या, केस राहतील." तेच औषध मऊ, गोड वडीच्या रूपातही मिळते. तिला गमी म्हणतात. ही गोळी कोणाच्या कामाची आणि कोणाला घातक, ते आज आम्ही सांगणार आहोत.

बायोटिन हे एक जीवनसत्त्व आहे. ते शरीराला लागते, पण अगदी थोडे. मोठ्या माणसाला रोज 30 मायक्रोग्रॅम पुरते. उकडलेले अंडे, शेंगदाणे आणि रोजचे साधे जेवण यांतून ते मिळते. आता डबीवरचा आकडा वाचा. पुष्कळ गोळ्यांवर 10,000 मायक्रोग्रॅम लिहिलेले असते. म्हणजे रोज लागते त्याच्या तीनशे पटींहून जास्त! पावशेर पाणी मावेल त्या तांब्यात विहीर ओतल्यासारखे हे झाले.

मग ही गोळी कोणाला लागते? ज्याच्या अंगात बायोटिन खरोखर कमी पडले, त्याला. असे फार थोड्यांचे होते. काही मुलांना जन्मतःच तसा दोष असतो. फिट्सची काही औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते. अंड्यातला पांढरा भाग रोज कच्चाच, पुष्कळ दिवस खाणाऱ्याचेही तसे होते. कच्चा पांढरा भाग बायोटिनला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. अंडे शिजवले की तो दोष जातो. अशा माणसाला डॉक्टर गोळी देतात, तेव्हा गुण येतो. ज्याच्या अंगात बायोटिन पुरेसे आहे, त्याचे केस जास्त गोळ्यांनी वाढतात, असे सिद्ध झालेले नाही.

तुम्ही म्हणाल, "अहो, पण शेजारणीला तर गुण आला!" तो कसा आला, ते पाहू. समजा, सखूबाई बाळंत झाली. तीन महिन्यांनी तिचे केस पुंजक्यांनी गळू लागले. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे पुष्कळांचे होते. काही महिन्यांत ते आपोआप थांबते. सखूबाईने मधेच गोळी सुरू केली. केस थांबायचे तेव्हा थांबले, पण नाव गोळीचे झाले.

पुढे सखूबाईला थकवा वाटू लागला. डॉक्टरांनी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीसाठी रक्त तपासले. ग्रंथी फार जोरात चालते, असा कागद आला. आता औषध सुरू व्हायचे. पण डॉक्टरांनी विचारले, "बाई, केसांची काही गोळी घेता का?" सखूबाईने डबी दाखवली. डॉक्टरांनी गोळी बंद केली आणि काही दिवसांनी रक्त पुन्हा तपासले. ग्रंथी ठीक निघाली! मग आणखी तपासले, तेव्हा रक्तात लोह कमी आहे असे कळले. लोह कमी झाले की थकवा येतो आणि केसही गळतात. खरा इलाज तिथे होता.

असे का झाले? रक्ताच्या काही तपासण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेले असते. रक्तात बायोटिन फार असले की तपासणी फसते. हृदयविकाराचा झटका ओळखायची ट्रोपोनिन नावाची तपासणी आहे. तीही काही ठिकाणी अशी फसते. झटका आलेला असतो, आणि कागदावर मात्र काही दिसत नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने 2017 साली याबद्दल इशारा दिला. जास्त बायोटिन घेणाऱ्या एका रोग्याची ही तपासणी खोटी निघाली आणि तो दगावला, असे त्यात नमूद होते.

म्हणून रक्त देण्याआधी गोळीचे नाव सांगा. किती दिवस आधी बंद करायची, ते डॉक्टरांना विचारा. छातीत दुखत असेल, तर मात्र थांबू नका. तडक दवाखान्यात जा आणि तिथे गोळीचे सांगा.

गमीत आणखी एक मेख आहे. काहींत अ जीवनसत्त्वही घातलेले असते. ते फार झाले तर उलट केसच गळतात. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही अपाय होतो. गोड म्हणून पोरे मूठभर खातात, तेव्हा डबी त्यांच्या हाती लागू देऊ नका.

केस फार गळत असतील, डोक्यावर चट्टे पडले असतील, किंवा सहा महिने झाले तरी गळणे थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आधी कारण कळू द्या. गोळी मग.