तिसरं स्मरणपत्र



आत्ता ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. मी पुण्यात नोकरभरतीचं काम करतो. सातारा-सांगलीकडची पुष्कळ मुलं माझ्यासमोर मुलाखतीला बसतात आणि निवडली जातात. निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंत जे दोन-तीन आठवडे जातात, त्यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे. मिळालेली नोकरी हातची जाते ती याच दिवसांत, आणि हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

निवड झाली की तुम्हाला एक मेल येतो. दहावी-बारावीची गुणपत्रकं, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल, आधार, पॅन, आधी नोकरी केली असेल तर रिलिव्हिंग लेटर आणि पगाराच्या स्लिपा, आणि पडताळणीला संमती देणारा सही केलेला फॉर्म. एवढं अमुक तारखेपर्यंत अपलोड करा, असं त्यात असतं. तुम्ही केलं नाहीत तर आम्ही स्मरणपत्र पाठवतो. मग दुसरं, मग तिसरं.

मुलांना वाटतं, रुजू व्हायला अजून वीस दिवस आहेत, देऊ की निवांत. पण मेलमधली तारीख उलटी मोजून काढलेली असते. तुमचे कागद आम्ही पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे देतो. ती एजन्सी तुमच्या विद्यापीठाकडे, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाकडे, विचारणा करते. आधीच्या मालकाला विचारते, पत्त्याची खातरजमा करते. विद्यापीठाचं उत्तर यायला काही दिवस लागतात, परीक्षांच्या हंगामात जास्तच. आणि एक जरी कागद कमी असला तर एजन्सी तुमच्या नावापुढे ‘इन्सफिशियन्सी’ असा शेरा मारते. त्या कागदावर अवलंबून असलेलं काम तिथंच थांबतं. तुम्ही चार दिवस उशीर केलात तर पडताळणीचे चार दिवस गेले. रुजू व्हायची तारीख मात्र तुमच्यासाठी हलत नाही.

पलूस तालुक्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. २०२२ साली तिची निवड झाली. मुलाखत फार छान झाली होती. कागदांचा मेल गेला, उत्तर नाही. पहिलं स्मरणपत्र, उत्तर नाही. दुसरं, उत्तर नाही. तिसऱ्या स्मरणपत्रात शेवटची तारीख लिहावी लागते, म्हणून ते पाठवण्याआधी मी फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, माझी बारावीची मार्कशीट नाही. पुरात गेली.”

ऑगस्ट २०१९ चा पूर या भागातल्या लोकांना मी सांगायला नको. कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिच्या घरच्यांनी कागदांची पिशवी माळ्यावर टाकली होती, आणि पाणी माळ्यापर्यंत आलं. गुणपत्रक लॅमिनेट केलेलं होतं. कडेच्या फटीतून पाणी आत गेलं, शाई पसरली, आणि नावाच्या जागी निळसर डाग तेवढा राहिला. तो डाग तिनं पुढं मला दाखवला. मूळ कागद नाही म्हटलं की नोकरी रद्द होईल, या भीतीनं तिनं एका मेललाही उत्तर दिलं नव्हतं.

तिची अडचण आम्ही फोनवरच अर्ध्या तासात सोडवली. डिजिलॉकरमध्ये राज्य मंडळाची गुणपत्रकं मिळतात. तिनं आसनक्रमांक आणि वर्ष घातलं, बारावीचं गुणपत्रक समोर आलं. तिथून काढलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरला जातो, तसा नियमच आहे. छापील दुय्यम प्रतीसाठी तिनं ज्युनिअर कॉलेजमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे अर्ज केला आणि त्याची पोच अपलोड केली. एजन्सीला तेवढं पुरलं.

पण तिथं दुसरी गोष्ट सापडली. गुणपत्रकावर इंग्रजीत तिच्या आडनावातला ‘व’ व्ही अक्षरानं लिहिला होता, आधारवर डब्ल्यूनं. आपल्याकडच्या पुष्कळ आडनावांत हा ‘व’ आहे, तेव्हा हे तुमच्याही घरात असू शकतं. माणसाला दिसतं की मुलगी एकच आहे. पॅन आणि भविष्यनिर्वाह निधीचं खातं आधारला जोडताना संगणकाला ते दिसत नाही. मी सांगतो ती पद्धत अशी: गुणपत्रक पाया धरा, कारण मंडळाच्या नोंदीत बदल करणं सगळ्यात अवघड. त्याप्रमाणे आधी आधार दुरुस्त करा, मग आधारप्रमाणे पॅन. आधारवर नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते, म्हणून केंद्रावर अक्षर अन् अक्षर वाचूनच पावती घ्या. तिनं दुरुस्तीचा अर्ज केला, दोन्ही नावं आपलीच असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, आणि ती ठरलेल्या तारखेला रुजू झाली.

दुसरी गोष्ट सातारच्या एका मुलाची. त्याची नोकरी वाचवता आली नाही. त्यानं इथल्या एका कारखान्यात सात महिने काम केलं होतं आणि भांडण होऊन सोडलं होतं. रिलिव्हिंग लेटर मिळालं नाही, म्हणून त्यानं ती नोकरी अर्जात लिहिलीच नाही. ते सात महिने घरी अभ्यास करत होतो, असं लिहिलं. पण त्या कारखान्यानं त्याचा पीएफ भरला होता. यूएएनच्या सेवा इतिहासात मालकाचं नाव आणि रुजू झाल्याची तारीख, दोन्ही असतात. अहवाल लाल शेऱ्यासह आला आणि निवड रद्द झाली.

मला आजही त्याचं वाईट वाटतं. सात महिन्यांची नोकरी हा काही दोष नव्हता. त्यानं ती लिहिली असती, सोबत नेमणूकपत्र, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि राजीनाम्याचा मेल जोडला असता, आणि रिलिव्हिंग लेटर का नाही हे दोन ओळींत सांगितलं असतं, तर बहुतेक ठिकाणी निभावलं असतं. कागद नसेल तर वाट काढता येते. लिहिलेलं खोटं निघालं तर आमचे हात बांधले जातात. एटीकेटी लागली म्हणून त्या सेमिस्टरचं गुणपत्रक लपवणाऱ्यांनीही हे ऐकावं. विद्यापीठ सगळं कळवतं.

पालकांसाठी एक. पडताळणीसाठी उमेदवारानं पैसे भरायचे नसतात. कुणी शुल्क किंवा ओटीपी मागितला तर कागद पाठवू नका. मेलचा पत्ता कंपनीचाच आहे का ते बघा, आणि कंपनीच्या कार्यालयात फोन करून विचारा.

आणि स्मरणपत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. कागद तयार नसले तरी द्या. ‘नऊ कागद अपलोड केले आहेत, प्रोव्हिजनलसाठी सोमवारी अर्ज केला आहे, पावती जोडली आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळेल.’ एवढं लिहिलंत की मी तुमच्यासाठी वरच्यांकडे मुदत मागू शकतो. उत्तरच आलं नाही तर तुम्हाला नोकरी नको आहे असं समजलं जातं, आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला फोन जातो.

आज कार्यक्रम संपवून घरी गेलात की दहावीचं गुणपत्रक, आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवा आणि आपल्या नावाचं एकेक अक्षर जुळवून बघा. जुळत नसेल तर या आठवड्यातच आधार केंद्रावर जा.