कोकाकोलाची जन्मतारीख



एखादी कंपनी तिच्या सर्वांत गाजलेल्या मालाची जन्मतारीख सांगते, तेव्हा ती तारीख कोणत्या कागदावरून आली हे विचारायला हवं. कोकाकोलाचंच उदाहरण घेऊ. कंपनी सांगते की 8 मे 1886 रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात, जेकब्ज फार्मसी या औषधांच्या दुकानात हे पेय पहिल्यांदा विकलं गेलं. ते बनवणारे जॉन पेंबरटन औषधविक्रेते होते. नाव सुचवलं त्यांचे हिशेबनीस फ्रँक रॉबिन्सन यांनी, आणि आजही बाटलीवर दिसणारी ती वळणदार अक्षरंही त्यांचीच.

आता ट्रेडमार्कची नोंद काढून पाहू. अशा नोंदीत तीन तारखा असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की सगळा घोटाळा होतो. पहिली अर्जाची, दुसरी नोंदणी मंजूर झाल्याची आणि तिसरी, हे नाव आम्ही केव्हापासून वापरतो आहोत असं अर्जदार सांगतो ती. कोकाकोलाचा अर्ज मे 1892 मधला आहे. नोंदणी झाली 31 जानेवारी 1893 रोजी. मालाची सुरुवात या दोन्ही तारखांवरून कळत नाही. आसा कँडलर या उद्योजकाने कोकाकोला कंपनी स्थापन केली तीच मुळी 1892 मध्ये, म्हणून अर्जही तेव्हाचा. आपल्या कामाची तारीख तिसरी, आणि तिथे लिहिलं आहे 28 जून 1887.

म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कायदेशीर कागदात जन्म एक वर्ष उशिराचा! इथे पुष्कळ जण कंपनीची कथा खोटी ठरवून मोकळे होतात. ती घाई आहे. वापराची तारीख अर्जदाराने सांगितलेली असते, कोणी तपासनिसाने शोधून काढलेली नसते. वाद उभा राहिला तर ती सिद्ध करावी लागते, म्हणून हातात भक्कम कागद असेल तीच तारीख लिहिणं शहाणपणाचं. जून 1887 मध्ये पेंबरटन यांनी आपल्या सिरपच्या लेबलाची सरकारदरबारी नोंद केली होती, आणि अर्जातली तारीख त्या नोंदीचीच आहे. तेव्हा या तारखेचा अर्थ ‘निदान तेव्हापासून तरी’ एवढाच घ्यायचा. त्याआधी माल नव्हता, असं ती सांगत नाही.

मग वर्तमानपत्रांकडे वळायचं. पन्नासाव्या किंवा शंभराव्या वाढदिवसाचे लेख बाजूला ठेवायचे, कारण ते बहुतेक कंपनीच्याच पत्रकावरून उतरवलेले असतात. त्या काळातला, त्या गावातला अंक हवा. आणि बातम्यांपेक्षा जाहिराती आधी चाळायच्या. नवं सरबत निघालं याची बातमी कोण छापणार? जाहिरात मात्र दुकानदार पैसे देऊन छापतो. 29 मे 1886 च्या ‘अटलांटा जर्नल’मध्ये कोकाकोलाची जाहिरात आहे. ट्रेडमार्कच्या अर्जातली तारीख तिथेच तब्बल तेरा महिने मागे सरकते.

ही जाहिरात नीट वाचली की आणखी काही हाती लागतं. पेय नवं असल्याचं ती सांगते, आणि विक्रेते दोन देते: विलिस व्हेनेबल आणि नॅनली अँड रॉसन. जेकब्ज फार्मसीचं नाव त्यात नाही, म्हणून बिचकायचं कारण नाही. त्या दुकानातलं सोडा विकण्याचं काउंटर व्हेनेबल हेच चालवत. दोन ठिकाणी माल मिळतो आहे, त्याअर्थी विक्री त्या दिवसाच्या थोडी आधी सुरू झालेली असणार. कंपनीची 8 मे ही तारीख यात बसते. पण बसते म्हणजे सिद्ध होते असं नाही. ‘29 मे 1886 पर्यंत विक्री सुरू झालेली होती’ एवढं ठामपणे लिहावं आणि 8 मे ही तारीख कंपनीच्या नावावर टाकावी.

जुने अंक संगणकावर शोधताना एकाच लेखनावर विसंबू नये. मधली रेघ गाळून पाहावं, अक्षरं चुकवून पाहावं. झिजलेल्या छपाईतली अक्षरं यंत्राला चुकीची लागतात. आणि पेंबरटन यांचं आधीचं ‘फ्रेंच वाइन कोका’ हे पेय वेगळं, त्याची जाहिरात कोकाकोलाच्या खात्यावर मांडू नये.

आपल्याकडे एक निराळी अडचण येते. भारतात ट्रेडमार्कचा कायदा झाला 1940 मध्ये आणि नोंदणी सुरू झाली जून 1942 पासून. त्यामुळे कित्येक जुन्या मालांच्या अर्जावर 1942 किंवा 1943 हे साल दिसतं. ते नोंदणीचं दार उघडल्याचं साल आहे, माल निघाल्याचं नव्हे. शिवाय आपल्या कायद्यात आधीपासून वापर करणाऱ्याला संरक्षण आहे, म्हणून वापराची तारीख मागे नेण्याचा मोहही होतो. अशा वेळी त्या गावच्या वर्तमानपत्रातली किंवा दिवाळी अंकातली जाहिरात हाच खरा साक्षीदार.

तेव्हा कारखान्यांच्या, पेढ्यांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. तारीख छापाल तेव्हा ती कुठल्या कागदावरून घेतली, तेही शेजारी छापा.